गिऱ्हाईक उठल्यानंतर

आमच्या धंद्यात शिकवणी मिळते ती गिऱ्हाईक खुर्चीत बसल्यापासून ते आरशात मान वळवून बघेपर्यंतची. त्यापुढचं कुणी शिकवत नाही. बाऊलमध्ये उरलेला रंग, वस्तऱ्यातून काढलेलं अर्धं ब्लेड, हायलाइट्सच्या चुरगळलेल्या फॉईल, तळाशी चार बोटं डेव्हलपर राहिलेली बाटली, हे सगळं दुकान झाडणाऱ्या पोराच्या हवाली होतं. तो ते केसांबरोबर एका काळ्या पिशवीत कोंबतो आणि घट्ट गाठ मारून शटरबाहेर ठेवतो. गाठ घट्ट म्हणजे काम चोख, अशीच सगळ्यांची समजूत. इतक्या वर्षांनंतर माझं मत असं झालंय, की सलूनच्या कचऱ्यातली निम्मी भानगड त्या गाठीतच असते.

मी हा धंदा फलटणला वडिलांच्या हाताखाली शिकलो. त्यांच्या लहानपणी आमच्या घरातली माणसं धोकटी घेऊन घरोघर जायची. वस्तऱ्याला दगडावर आणि चामड्याच्या पट्ट्यावर धार लावायची, दाढी झाली की तुरटीचा खडा फिरवायचा, आणि मागे उरायचे फक्त केस. ते परड्यात गेले काय नि उकिरड्यावर गेले काय, कुणाचं काही बिघडत नव्हतं. माझ्या हातात वस्तरा आला तो पात्याचा नव्हता, ब्लेड अडकवायचा होता. नव्वदच्या दशकात एड्सची भीती गावोगाव पोचली आणि गिऱ्हाईक बसता बसता विचारू लागलं, 'ब्लेड नवीन आहे ना?' आम्ही त्याच्या डोळ्यांसमोर कागद फोडायला लागलो. फार चांगली सवय लागली ती. पण नवीन ब्लेडची खात्री करून घेणाऱ्या एकाही माणसाने जुनं कुठे जातं, हे कधी विचारलं नाही.

आमच्याकडे ब्लेड कसं वापरतात ते बाहेरच्यांना माहीत नसतं. दुधारी ब्लेड कागदासकट मधोमध उभं वाकवलं की कट्कन दोन तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याला एकच धार, आणि एक तुकडा एका दाढीला. दिवसाला तीस दाढ्या धरल्या तर महिन्याला नऊशे तुकडे. आता गंमत बघा, अख्ख्या ब्लेडचं वजन एक ग्रॅमसुद्धा भरत नाही. म्हणजे महिन्याचे नऊशे तुकडे पावशेराच्या आसपास. भंगारवाल्याला त्यात रस नाही, कारण तराजूच हलत नाही. आणि कचऱ्यात मात्र ते नऊशे वेळा कुणाचा ना कुणाचा हात कापू शकतात.

पुण्यात सिंहगड रस्त्याला स्वतःचं सलून टाकलं तेव्हा आमच्या ओळीचा कचरा न्यायला एक कचरावेचक ताई यायच्या. एक दिवस त्यांच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली दिसली. दोन दुकानं सोडून पलीकडच्या एका पार्लरच्या पिशवीत ब्लेड होतं. मी म्हणालो, 'ताई, नुसतंच टाकलं होतं का?' तर म्हणाल्या, 'नुसतं टाकलेलं बरं ओ दादा, दिसतं तरी. कागदात गुंडाळलेलं दिसत नाही. ओल्यात कागद मऊ पडतो नि पातं बाहेर येतं, आन् आपण कागद म्हणून धरायला जातो.' मी तोवर वर्तमानपत्रात गुंडाळून टाकणं म्हणजे सभ्यपणा समजत होतो, आणि बहुतेक सलूनवाले आजही तेच समजतात. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून द्यायची पद्धत 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचकांनी पुण्यात रुजवली. ती पॅडसाठी योग्य आहे. ब्लेडला कागद पुरत नाही, त्याला पत्रा लागतो.

माझ्या खुर्चीवर एक डॉक्टर दाढीला येत. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात, शरीराबाहेर, निदान सात दिवस तग धरतो, हे मला त्यांच्याकडून कळलं. एचआयव्हीला घाबरून आम्ही ब्लेड बदलायला शिकलो, पण कचऱ्यातल्या ब्लेडच्या बाबतीत जास्त चिवट पाहुणा हा दुसराच आहे. आणि त्याच्यावर लस आहे. पहिला डोस, महिन्याने दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. माझ्याकडे नवा कारागीर आला की पहिल्या महिन्यात त्याला लस टोचून आणायचं, हा नियम तेव्हापासून आहे. पगार ठरवताना मुलं एवढी घासाघीस करत नाहीत, जेवढी सुई टाळायला करतात.

ब्लेडसाठी मी बरेच प्रकार करून पाहिले. पाण्याची बाटली सगळ्यात सोपी म्हणून सगळेच तिच्याकडे वळतात, पण तिचं प्लास्टिक पातळ असतं. बाटली अर्धी भरली आणि कुणी दाबली की कडेने पाती बाहेर. दूध पावडरचा पत्र्याचा डबा टिकला. झाकणाला छिन्नीने एक फट पाडायची, दीड सेंटिमीटर लांब आणि तीन मिलिमीटर रुंद. अर्धं ब्लेड उभं सोडलं की आत जातं, डबा उलटा झाला तरी सहसा बाहेर येत नाही, आणि बोट तर आत जाऊच शकत नाही. झाकण चिकटपट्टीने कायमचं बंद. हा डबा मोरीपाशी किंवा आतल्या खोलीत ठेवला तर उपयोग नाही. तो खुर्चीला लागून असलेल्या फळीवर, उजव्या हाताला, स्क्रूने बसवलेला हवा. कारण वापरलेलं ब्लेड घेऊन कारागीर दोन पावलं चालला की मधेच फोन वाजतो, गिऱ्हाईक हाक मारतं, आणि ते ब्लेड काउंटरवर 'जरा वेळ' ठेवलं जातं.

बोट कापायचा खरा क्षण दाढी करताना येत नाही, ब्लेड काढताना येतो. साबणाने पातं निसरडं झालेलं असतं आणि घाईत माणूस ते चिमटीत धरून ओढतो. म्हणून वस्तरा थेट फटीवर धरून उघडायचा, आणि ब्लेड चिकटलेलं असेल तर चिमट्याने ढकलायचं. डबा तीन चतुर्थांश भरला की थांबायचं. हा नियम मोडायचा मोह सगळ्यांना होतो, कारण हलवलं की अजून जागा आहे असं वाटतं. पण वरपर्यंत भरलेल्या डब्यात शेवटची पाती फटीतून अर्धी बाहेर राहतात आणि कुणीतरी ती अंगठ्याने दाबायला जातं.

भरलेल्या डब्याचं पुढे काय, या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. दवाखान्यांना आहे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत धारदार वस्तूंसाठी पांढरा, भोक न पडणारा डबा सांगितलाय. त्या निर्जंतुक करायच्या, नंतर त्यांचे तुकडे करायचे किंवा त्या धातूच्या डब्यात वा सिमेंटमध्ये बंद करायच्या, आणि मग त्यांची वाट ओतीव लोखंडाच्या कारखान्याकडे, शास्त्रीय पद्धतीने बांधलेल्या भरावाकडे किंवा काँक्रीटच्या खड्ड्याकडे. हे नियम रुग्णालयं, दवाखाने, प्रयोगशाळा यांच्यासाठी आहेत. केशकर्तनालय त्यांच्या यादीत नाही. मी त्या डॉक्टरांना विचारलं होतं, तुमच्या डब्यात माझा डबा चालेल का? ते नाही म्हणाले, आणि त्यांचं बरोबर होतं. त्यांच्या प्रत्येक पिशवीवर बारकोड असतो, त्यातल्या कचऱ्याला ते जबाबदार असतात. पण पद्धत उसनी घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही, असंही तेच म्हणाले.

म्हणून मी सिमेंट वापरतो. डबा भरला की झाकणाला आणखी एक मोठं भोक पाडायचं, एक भाग सिमेंट आणि दोन भाग बारीक चाळलेली वाळू पाण्यात पातळ कालवून नरसाळ्याने आत ओतायची, डबा जमिनीवर हळूहळू आपटायचा म्हणजे मिश्रण पात्यांच्या मधे उतरतं, आणि पृष्ठभाग सपाट होईपर्यंत पुन्हा भर घालायची. दोन दिवसांत ठोकळा तयार. त्यावर ठळक अक्षरांत 'वापरलेली ब्लेड' असं लिहून तो कचऱ्याच्या गाडीवरच्या माणसाच्या हातात, सांगून द्यायचा. पोलाद वाया जातं, हे खरं आहे. ओळखीचा फाउंड्रीवाला असेल तर बंद डबा तसाच भट्टीत जाणं जास्त चांगलं. पण मधल्या भंगारवाल्यांपैकी कुणी पत्र्याच्या भावासाठी तो डबा फोडणार नाही याची खात्री देता येत नसेल, तर मला सिमेंट बरं वाटतं. फलटणचे आमचे काही भाऊबंद डब्यात ब्लीचिंगचं पाणी भरून ठेवतात. त्याने पाती गंजतात आणि डब्याचा तळही गंजतो. एक दिवस डबा उचलला की तळ जमिनीवरच राहतो. डबा कोरडाच ठेवावा.

ब्लेडचं निदान दिसतं तरी. रंगाचं तसं नाही.

केसांना लावायचा कायमचा रंग दोन डब्यांतून येतो. ट्यूबमध्ये रंगाचा कच्चा माल, बहुतेक गडद छटांत पीपीडी किंवा त्याचंच एखादं भावंड, आणि जोडीला अमोनिया किंवा त्याचा पर्याय. बाटलीत डेव्हलपर, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. बाटलीवर २० व्हॉल्यूम लिहिलेलं असतं म्हणजे सहा टक्के. एक लिटर द्रावणातून वीस लिटर ऑक्सिजन सुटू शकतो, असा त्याचा अर्थ. हे दोन्ही बाऊलमध्ये एकत्र आले की काम सुरू होतं आणि ते थांबवायचं बटण कुणाकडे नसतं. पाऊण तासानंतर त्या मिश्रणाला केस रंगवायची ताकद फारशी उरत नाही, पण त्यातून वायू सुटणं मात्र चालूच राहतं. उरलेला रंग उद्या वापरता येत नाही, तो यामुळे.

माझ्याकडे आलेला एक हुशार पोरगा आधीच्या सलूनमधून काटकसर शिकून आला होता. महागाचा रंग, निम्मा बाऊल उरलेला, त्याने तो बाटलीत भरला, झाकण घट्ट लावलं आणि फळीवर ठेवला. सकाळी दुकान उघडलं तर फळीखालची भिंत, छत आणि तिरुपतीचं कॅलेंडर जांभळट काळं. बाटली आधी फुगली असणार, मग झाकण उडालं. छताचा तो डाग रंगाऱ्याने दोन हात मारले तरी वर आला. मी पोराला ओरडलो नाही, कारण त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तेच डेव्हलपरचं. वाटीत जास्त ओतलं गेलं तर उरलेलं परत बाटलीत टाकायचं नाही. वाटीतली धूळ, रंगाचा कण, धातूच्या चमच्याचा अंश, एवढंसं काहीही आत गेलं तरी अख्ख्या लिटरमधलं पेरॉक्साइड हळूहळू फुटायला लागतं. बाटलीच्या कडा बाहेर आल्या, ती नीट उभी राहत नाही, तळ गोल झाला, ही त्याची लक्षणं. अशी बाटली दिसली की ती स्वतःपासून लांब धरून झाकण थोडं थोडं सैल करायचं, हवा जाऊ द्यायची, मग भरपूर पाण्यात थोडी थोडी ओतून मोरीत सोडायची.

उरलेल्या रंगाचं काय करायचं, याचं माझं पहिलं उत्तर आहे वजनकाटा. आधी आम्ही अंदाजाने अर्धी ट्यूब पिळायचो. साठ ग्रॅमच्या ट्यूबचे तीस, त्यात दीडपट डेव्हलपर म्हणजे पंचेचाळीस, असं पंचाहत्तर ग्रॅम मिश्रण. आमच्याकडे महिन्याला फक्त मुळं रंगवायला येणाऱ्या एक काकू आहेत, खांद्यापर्यंत केस, फार दाट नाहीत. त्यांच्या बाऊलमध्ये दर वेळी बराच रंग उरायचा. काटा आणल्यावर मी पोरांना सांगितलं, काम झालं की बाऊल वजन करा. पंचवीस ग्रॅम उरलेले निघाले. म्हणजे लागत होते पन्नास. मग त्यांच्या कार्डावर लिहिलं: सोळा अधिक चोवीस, चाळीसने सुरुवात, मागे कमी पडला तर चार अधिक सहा पुन्हा कालवायचा. आता त्यांच्या बाऊलमध्ये एखादा चमचा उरतो. दुसऱ्यांदा कालवायला दोन मिनिटं जातात, आणि कारागिरांना ती सुरुवातीला जड जातात, कारण गिऱ्हाइकासमोर रंग संपला म्हणजे बेइज्जती असं त्यांच्या डोक्यात असतं. रंगाची खरेदी कमी झाल्याचं मी त्यांना महिन्याच्या बिलावर दाखवलं, तेव्हा कुठे पटलं.

तो उरलेला चमचा मोरीत न जाता कुठे जातो, हे आता नीट बसलंय. आतल्या खोलीत खिडकीजवळ एक उथळ प्लास्टिकचा ट्रे, त्यात वर्तमानपत्र, त्यावर सुताराकडून आणलेला लाकडाचा भुसा. बाऊल स्पॅच्युलाने निपटून रंग भुशात पसरायचा, जाड गोळा ठेवायचा नाही. उघडाच राहू द्यायचा. रात्रभरात त्याचं फसफसणं संपतं, रंग पूर्ण काळा पडतो आणि भुसा कोरडा होतो. मग कागदासकट गुंडाळी करून वेगळ्या पिशवीत. बाऊल आणि ब्रश धुण्याआधी जुन्या टिश्यूने पुसून घ्यायचे, ते टिश्यूही त्याच ट्रेमध्ये. एवढ्या पुसण्यानेच बेसिनमध्ये जाणारं काळं पाणी किती कमी होतं, ते धुणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळतं. हे सगळं हातमोजे घालूनच. पीपीडीची अ‍ॅलर्जी एकदा जडली की ती जन्माची, आणि ती गिऱ्हाइकापेक्षा रोज बाऊल धुणाऱ्याला जडायची शक्यता जास्त. ज्याच्या बोटांच्या बेचक्यात सारखी खाज येते, कातडी फुटते, त्याला आधी रंगाच्या कामातून काढून डॉक्टरकडे पाठवायचं.

ब्लीच पावडरला मात्र हा भुशाचा उपाय चालत नाही, उलट धोक्याचा आहे. हायलाइट्सची ती निळसर पांढरी पावडर पर्सल्फेटची असते. ती आणि डेव्हलपर एकत्र आले की मिश्रण तापतं. उघड्या बाऊलमध्ये उष्णता निघून जाते, म्हणून ती जाणवत नाही. लग्नसराईत एका संध्याकाळी आमच्या पोरांनी काढलेल्या फॉईल, आतल्या ब्लीचसकट, चुरगळून कापूस आणि टिश्यूबरोबर पिशवीत भरल्या आणि गाठ मारली. थोड्या वेळाने केस झाडायला गेलेली मुलगी म्हणाली, 'सर, डस्टबिन गरम लागतोय.' हात लावला तर खरंच चहाच्या कपासारखा गरम, आणि पिशवी फुग्यासारखी ताणलेली. बाहेर नेऊन पिशवी फाडली आणि बादलीभर पाणी ओतलं. आग लागली नाही. पण पर्सल्फेट स्वतःच ऑक्सिजन पुरवतं, शेजारी कापूस आणि कागद आहे, वर गाठ मारून उष्णता कोंडलेली आहे, तर लागायला आणखी काय लागतं?

तेव्हापासून ब्लीचच्या फॉईल थेट पाण्याच्या बादलीत जातात. केसातून काढली की उघडून बादलीत. दुकान बंद करताना ते पाणी आणखी पाणी घालून मोरीत, आणि स्वच्छ झालेली फॉईल वेगळी. पुरेशी साठली की भंगारवाला अ‍ॅल्युमिनियम म्हणून घेतो, रंगाच्या रिकाम्या ट्यूबबरोबर. कोरडी पावडर सांडली तर ओल्या फडक्याने टिपायची, झाडूने उडवायची नाही. ती नाकात गेली की दम लागणारी माणसं आहेत, आमच्यात दोघं तरी.

पाण्याच्या बादलीवरून आठवलं. कंगवे आणि बाऊल निर्जंतुक करायला हायपोक्लोराइटचं पाणी ठेवतात. बाजारातलं पाच टक्क्यांचं असेल तर एक भाग आणि नऊ भाग पाणी, दहा मिनिटं. यात रंगाचे न पुसलेले बाऊल टाकले की नाकाला झोंबणारा वास येतो आणि डोळ्यांतून पाणी काढतो. अमोनिया आणि हायपोक्लोराइट मिळून क्लोरामाइनचा वायू तयार होतो. संडास धुवायच्या अ‍ॅसिडबरोबर तर क्लोरीनच सुटतो. माझ्या एका मित्राच्या सलूनमध्ये मोरी तुंबली म्हणून सफाईवाल्याने आधी ब्लीचिंग पावडर टाकली, ती चालेना म्हणून अ‍ॅसिड ओतलं, आणि सगळं दुकान रस्त्यावर आलं, डोक्याला रंग लावलेल्या बायकांसकट. म्हणून आमच्याकडे दोन बादल्या आहेत, निळी रंगाची भांडी धुवायची आणि पिवळी हायपोक्लोराइटची. आणि अ‍ॅसिड दुकानात येतच नाही. मोरी तुंबली तर तुंबण्याचं कारण केस असतात. जाळी काढून हाताने केस उपसावे लागतात, ते अ‍ॅसिडने जात नाहीत.

फळीवर काय कुठे ठेवायचं, तेही यातूनच आलं. डेव्हलपर सगळ्यात खालच्या फळीवर, गिझरपासून आणि उन्हापासून लांब. खाली अशासाठी, की गळला तर दुसऱ्या कशावर गळणार नाही. ब्लीच पावडरचा डबा वरच्या फळीवर, कोरड्या जागी, झाकण लावून. रिबाँडिंगचं क्रीम वेगळ्या कपाटात. त्यात थायोग्लायकोलेट असतं आणि पेरॉक्साइडशी त्याचं अजिबात जमत नाही; दोन्हींची उरलीसुरली मात्रा एका डब्यात पडली तर तो डबा भडकून तापतो. नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन या कुणाच्याच शेजारी नको. एवढं पाळलं की पुरे. दुकानात जागा नसते हे मला माहीत आहे, माझ्या पहिल्या दुकानात एकच कपाट होतं. तेव्हा मी मधे चक्क दोन खोकी उभी केली होती.

रिकाम्या बाटल्यांचा विषय मी किरकोळ समजत असे. आमच्या झाडू मारणाऱ्या मावशी एकदा डेव्हलपरचा पाच लिटरचा पांढरा कॅन मागायला आल्या. छान जाड कॅन, वर पकडायला मूठ. विचारलं, कशाला? 'पाण्याला. नळ एक दिवसाआड येतो.' तळाशी अजून थोडं हलत होतं. गरिबाच्या घरात चांगला कॅन कधी वाया जात नाही, आणि त्यात कुणाची चूक काढता येत नाही. मी त्यांना नवीन पाण्याचा कॅन आणून दिला. आता रिकामा कॅन तीनदा विसळतो, ते पाणी मोरीत, आणि कॅनला तापवलेल्या सळईने चार भोकं पाडतो. मगच तो भंगारात. भोक पडलेला कॅन कुणी पाण्याला नेत नाही. फक्त हेअरस्प्रेच्या डब्यांना भोक पाडायचं नाही. त्यांत दाबाखालचा ज्वालाग्राही वायू असतो. ते पूर्ण संपवायचे आणि उन्हात न ठेवता वेगळे द्यायचे.

भुशाची गुंडाळी, मुदत संपलेल्या ट्यूब, मेणाच्या पट्ट्या, हे सगळं जातं कुठे? घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन कप्पे केले. रंगाचे डबे, कीटकनाशकांच्या बाटल्या, मुदत संपलेली औषधं त्यांनी तिसऱ्या कप्प्यात घातली. माझी पिशवी तिथेच बसते असं मी धरून चालतो आणि तिसरी पिशवी वेगळी देतो, वर 'केमिकल' लिहून. ती पुढे वेगळीच राहते का, हे गाडीवर अवलंबून. कारखान्यांच्या घातक कचऱ्यासाठी रांजणगावला मोठं केंद्र आहे, पण आठवड्याला एक पिशवी घेऊन तिथे कोण जाणार? आमच्या ओळीतल्या आम्ही काही सलूनवाल्यांनी मिळून मागणी केली, की महिन्यातून एकदा एक गाडी फक्त यासाठी पाठवा. अजून पत्रव्यवहार चालू आहे. तोवर मुदत संपलेली ट्यूब साठवून ठेवायची वेळच येऊ नये, म्हणून खरेदी थोडी थोडी करतो आणि उघडलेल्या ट्यूबवर मार्करने तारीख टाकतो. ट्यूब तळाकडून गुंडाळत आणायची म्हणजे आत हवा राहत नाही. तोंडाशी क्रीम तपकिरी झालं असेल तर तेवढंच काढून टाकायचं. आतपर्यंत तपकिरी असेल तर ती ट्यूब गेली. तिला थोडं जुनं डेव्हलपर घालून भुशात पसरतो, म्हणजे कच्चा माल कच्चा राहत नाही.

एवढं करूनही एक गोष्ट सुटलेली नाही, आणि ती सगळ्यात मोठी आहे. ट्रे, भुसा, डबा, सिमेंट, हे सगळं उरलेल्या मालाचं. डोक्याला लावलेला रंग पाऊण तासाने शॅम्पूच्या खुर्चीवर धुतला जातो आणि बेसिनमधून जातो. पुण्यात तो गटाराच्या वाहिनीतून शुद्धीकरण केंद्राकडे जातो असं धरू. फलटणच्या भावाच्या सलूनला सेप्टिक टँक आहे. तिथे रोज पेरॉक्साइड आणि हायपोक्लोराइट जात राहिलं तर टाकीतले जिवाणू मरतात आणि टाकी लवकर भरून वास मारायला लागते. त्याने बेसिनचं पाणी टाकीत न सोडता वेगळ्या शोषखड्ड्यात सोडलं. मला ते पटलेलं नाही, त्याच आवारात बोअर आहे. मी त्याला दोन गोष्टी पटवल्या: रंग धुण्याआधी डोकं ओल्या टिश्यूने पुसून जाड थर काढून टाकायचा, आणि हायपोक्लोराइटची बादली दिवसाला एकदाच, तीही पातळ करून ओतायची. शोषखड्डा बोअरपासून लांब न्यायचं काम पावसाळ्यानंतर करू असं तो म्हणतो.

स्ट्रेटनिंगच्या बाबतीत मात्र मी माघार घेतली. केराटिनच्या नावाखाली येणाऱ्या काही द्रावणांत फॉर्मल्डिहाइड असतं, किंवा इस्त्रीच्या उष्णतेने ते सुटतं. ते मोरीत जायच्या आधी कारागिराच्या छातीत जातं, आणि त्याला ट्रे किंवा बादली असा कुठलाच उपाय माझ्याजवळ नाही. बाटलीवर काय लिहिलंय ते कंपनीच्या माणसाला विचारलं की तो 'फॉर्मल्डिहाइड-फ्री' एवढंच सांगतो, घटकांची यादी मागितली की फोन उचलत नाही. ज्याची यादी मिळत नाही ते द्रावण मी घेत नाही. त्यामुळे आमच्या दरपत्रकावरून एक ओळ गेली आणि लग्नसराईत काही मुली समोरच्या दुकानात जातात.